घरात तोडफोड काढताय? नोटीस लावताना या चुका टाळा

आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर बाथरूमच्या टाइल्स काढायचं काम निघालं. नोटीस बोर्डावर एक ओळ लागली, “काही दिवस थोडा त्रास होईल, सहकार्य करावे.” पहिल्याच दुपारी भांडण झालं, आणि तेही दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंशी. ब्रेकरचा हादरा स्लॅब आणि कॉलममधून खाली उतरतो, त्यामुळे शेजारच्या फ्लॅटपेक्षा खालच्या घरात जास्त आवाज येऊ शकतो. म्हणून नोटीस फक्त आपल्या मजल्यावर लावू नका. वरच्या-खालच्या घरांत तर स्वतः जाऊन सांगा.

दुसरी चूक म्हणजे “काम १० ते ६” एवढंच लिहिणं. रंगकाम किंवा नळ बसवण्याचा कोणाला त्रास होत नाही, त्रास होतो तो ब्रेकर आणि कटरचा. त्यांचीच वेळ वेगळी लिहा: मंगळवार ते शुक्रवार, सकाळी १० ते १ आणि दुपारी ३ ते ५. तारखाही घाला. रात्रपाळी करून आलेली नर्स किंवा तान्ह्या बाळाची आई त्यावरून आपला दिवस आखू शकते. सोसायटीची वेळ आधीच ठरलेली असेल तर अर्थातच तीच पाळायची.

धुळीचं खरं कारण बऱ्याचदा कोणी बघत नाही. पुढचं दार गोणपाट लावून बंद करतात, पण बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडी राहते. तिथून धूळ वर-खाली सगळ्यांच्या बाथरूममध्ये शिरते. दाराबाहेर स्वच्छ आहे आणि तरी वरच्या घरातल्या बादलीवर पांढरा थर दिसतोय, तर डक्टच बघा. तोडायच्या आधी त्या खिडकीला प्लॅस्टिक आणि टेप लावा आणि एक्झॉस्ट फॅन बंद ठेवा. टाइल कोरडी कापू देऊ नका, पाण्यावर चालणारा कटर मागवा. जिना कोरडा झाडला की धूळ पुन्हा उडते, म्हणून ओल्या फडक्यानेच पुसून घ्या.

आता लिफ्ट. “कामगारांनी लिफ्ट वापरू नये” असं कृपा करून लिहू नका. दिवसभर घण मारणाऱ्या माणसाला चार मजले चढायला लावणं बरं नाही, आणि लिफ्ट बिघडते ती माणसांमुळे नाही. राडारोड्याच्या फाटक्या गोणीतली वाळू-खडी दाराच्या खाचेत बसते, दार पूर्ण मिटत नाही आणि लिफ्ट जागची हलत नाही. दार अडकलं तर आधी लिफ्ट बंद करून खाच ब्रशने साफ करा. दार हाताने ढकलू नका.

वजनाचाही हिशोब करा. सहा माणसांच्या लिफ्टवर ४०८ किलो लिहिलेलं असतं. दोन कामगारांचे साधारण १३६ किलो धरले, तर ५० किलोच्या पाच सिमेंट गोण्या बसतात. सहावी गोणी घातली की भार ४३६ वर जातो. आम्ही तीनच गोण्यांची मर्यादा ठेवली.

बदललेली नोटीस अशी होती:

“फ्लॅट ४०२ मध्ये मंगळवार ते शुक्रवार तोडफोड. ब्रेकर फक्त १० ते १ आणि ३ ते ५. त्या वेळेत डक्टकडची खिडकी बंद ठेवावी. सामान ११ ते १२ मध्येच लिफ्टने जाईल, एका फेरीत तीन गोण्या. कामगार लिफ्ट वापरतील. अडचण आल्यास ४०२ ची बेल वाजवावी.”