ऑडिओबुकसाठी प्रकरण लिहिताना : अवतरण आणि तळटीप

छापील मराठीत बोलणाऱ्याचं नाव बहुधा अवतरणानंतर येतं : ‘‘…,’’ असे न्यायाधीश म्हणाले. कानाला अवतरणचिन्हं दिसत नाहीत, त्यामुळे चार वाक्यं ऐकेपर्यंत श्रोता ते मत लेखकाचंच समजतो. म्हणून नाव आधी घ्या : ‘न्यायाधीशांनी निकालात लिहिलं…’ अवतरण लांब असेल तर संपताच ‘इथे निकालातला उतारा संपतो’ असं स्पष्ट लिहा. निवेदकाच्या आवाजातल्या बदलावर विसंबू नका. दीड पट वेगाने ऐकताना तो निसटतो.

तळटीप फक्त संदर्भाची असेल तर ती सोबतच्या पीडीएफमध्ये टाका. अर्थाला लागणारी असेल तर वाक्यातच मिसळा. ‘तो रोज ५ कोस चाले’ आणि खाली कोसाचा खुलासा, याऐवजी ‘तो रोज ५ कोस, म्हणजे साधारण १५ किलोमीटर चाले’.

यादीआधी ‘कारणं ३ होती’ असं सांगा आणि प्रत्येक मुद्द्याला ‘पहिलं’, ‘दुसरं’ जोडा. उपशीर्षक पुढच्या वाक्यात विरघळवता येतं.

शेवटी प्रकरण कागद न पाहणाऱ्या कुणाला तरी वाचून दाखवा. ‘हे कोण म्हणालं?’ असं त्याने जिथे विचारलं, तिथलं वाक्य बदला.