शंकूत मावणारी सर्वांत मोठी वृत्तचिती कशी शोधावी

तळाची त्रिज्या ६ सेंमी आणि उंची १२ सेंमी असलेला एक शंकू घ्या. त्याच्या आत वृत्तचिती उभी करायची आहे. तिचा तळ शंकूच्या तळावर टेकलेला आणि वरच्या तोंडाची कड शंकूच्या उतरत्या बाजूला आतून चिकटलेली. चिती बारीक केली तर ती उंच होते पण तिच्यात फारसे मावत नाही, आणि रुंद केली तर ती थाळीसारखी बसकी होते. या दोन टोकांच्या मध्ये कुठे तरी घनफळ सर्वाधिक असते. ती जागा शोधायची आहे.

चितीची त्रिज्या r आणि उंची h म्हणूया. घनफळ V = πr²h. इथे दोन चले आहेत आणि आपल्याला विकलन करता येते ते एका चलाचे. त्यामुळे आधी h ला r च्या भाषेत आणायचे. माझ्या मते या गणिताचा खरा जीव याच पायरीत आहे, विकलन त्यामानाने सोपे असते.

यासाठी शंकू त्याच्या अक्षातून उभा कापल्याची कल्पना करा. समोर एक समद्विभुज त्रिकोण दिसतो आणि त्याच्या आत एक आयत. अक्षाच्या उजवीकडचा अर्धा भागच कागदावर काढा. मोठा काटकोन त्रिकोण शिरोबिंदूपासून तळापर्यंतचा: उंची 12, पाया 6. आता आयताच्या वरच्या कडेच्या वर उरलेला छोटा काटकोन त्रिकोण पाहा. त्याचा पाया r आहे. त्याची उंची मात्र h नाही. h एवढी जागा खाली आयताने घेतली आहे, म्हणून वर उरते ती 12 − h. दोन्ही त्रिकोणांचा शिरोबिंदूजवळचा कोन एकच आणि दोन्हींत एक काटकोन, म्हणून ते समरूप आहेत:

(12 − h) / 12 = r / 6

यावरून h = 12 − 2r.

सर्वांत जास्त चुका इथेच होतात. घाईत h/12 = r/6 असे लिहिले जाते आणि h = 2r मिळते. ही चूक पकडायला टोकाच्या किमती घालून पाहा. r = 6 म्हणजे चिती शंकूच्या तळाएवढीच रुंद, तेव्हा तिला उंची उरायलाच नको. बरोबर समीकरण h = 0 देते, चुकीचे h = 12 देते, आणि इतकी मोठी चिती शंकूत मावूच शकत नाही. शिवाय h = 2r घातल्यावर V = 2πr³ होते. ते r बरोबर वाढतच जाते आणि मध्ये कुठे कमाल किंमत सापडतच नाही.

आता h ची किंमत घनफळात घाला:

V = πr²(12 − 2r) = π(12r² − 2r³)

r ची किंमत 0 ते 6 च्या दरम्यान. विकलन केल्यावर

dV/dr = π(24r − 6r²) = 6πr(4 − r)

हे शून्य होते r = 0 ला किंवा r = 4 ला. r = 0 ला चितीच नाही, म्हणून r = 4 आणि h = 12 − 8 = 4. घनफळ 64π, म्हणजे सुमारे २०१ घन सेंमी. r ची किंमत 4 पेक्षा कमी असताना dV/dr धन असतो, जास्त झाली की ऋण. घनफळ 4 पर्यंत वाढते आणि नंतर उतरते, म्हणजे ही कमाल किंमतच आहे. पडताळा हवा असेल तर r = 3 घ्या, घनफळ 54π येते, आणि r = 5 ला 50π.

h ला घालवण्याआधीच विकलन करण्याचा मोह टाळा. h स्थिर समजून केले तर 2πrh = 0 मिळते, म्हणजे r = 0 किंवा h = 0. उत्तरात शून्य घनफळाची चिती आली, की h हा r वर अवलंबून आहे हे आपण विसरलो असे समजावे.

h ऐवजी r घालवला तरी चालते. r = (12 − h)/2 घातल्यावर V = (π/4)·h(12 − h)² येते आणि उत्तर तेच, h = 4. फक्त कंसाचा वर्ग सांभाळावा लागतो, म्हणून मी h च घालवतो.

६ आणि १२ च्या जागी R आणि H ठेवून हेच पुन्हा केले, तर h = H(1 − r/R) आणि शेवटी r = 2R/3, h = H/3. चितीची उंची शंकूच्या उंचीच्या एक तृतीयांश, मग शंकू निमुळता असो की पसरट. आपल्या शंकूचे घनफळ 144π होते आणि चितीचे 64π. हे गुणोत्तर 4/9 कोणत्याही सरळ वर्तुळाकार शंकूला तसेच राहते, म्हणजे शंकूचा निम्म्याहून थोडा कमी भाग चितीने भरतो.