सिरम की प्लाझ्मा? पोटॅशियमचा रिपोर्ट बिघडवणाऱ्या या चुका टाळा

समजा, अक्कलकोटच्या कलेक्शन सेंटरवरून एका साठीच्या बाईंचं रक्त सोलापूरच्या लॅबमध्ये आलं. रिपोर्टमध्ये पोटॅशियम ६.८, कॅल्शियम ५.१ आणि अल्कलाइन फॉस्फटेज १८. पोटॅशियम इतकं वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून डॉक्टर तातडीने ईसीजी काढतात. ईसीजी अगदी नॉर्मल. बाई मजेत बोलतायत, हातापायांना मुंग्या नाहीत, वात येत नाही. कॅल्शियम खरोखर ५.१ असतं, तर बोटं आखडून आली असती. बाई ठीक आहेत, बिघडलंय ते रक्त, आणि तेही रक्त भरायच्या नळीत, म्हणजे बल्बमध्ये.

कसं बिघडलं हे कळायला सिरम आणि प्लाझ्मा यांतला फरक नीट डोक्यात बसायला हवा. दोन्ही दिसायला सारखंच पिवळसर पाणी. साध्या बल्बमध्ये रक्त गोठू दिलं, की त्यातलं फायब्रिनोजेन वापरलं जातं, त्याचे धागे होतात, त्यात पेशी अडकतात आणि गुठळी बनते. सेंट्रिफ्यूज केल्यावर वर उरतं ते सिरम. त्यात फायब्रिनोजेन नसतं आणि गोठण्याचे काही घटकही खर्ची पडलेले असतात. उलट, बल्बमध्ये आधीच गोठू न देणारं औषध असेल तर गुठळी होतच नाही. मग पेशी खाली बसवल्या की वर राहतो तो प्लाझ्मा. त्यात फायब्रिनोजेन शाबूत असतं, पण सोबत ते औषधही असतं. घोटाळा इथेच होतो.

जांभळ्या टोपणाच्या बल्बमधलं औषध म्हणजे ईडीटीए, आणि ते बहुतेक वेळा पोटॅशियमचं क्षार असतं. ते कॅल्शियम घट्ट धरून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही. सीबीसीला ते उत्तम, कारण पेशींचा आकार टिकतो. पण त्याच बल्बमधल्या प्लाझ्मावर पोटॅशियम लावलं, तर तुम्ही रुग्णाचं नव्हे, बल्बचं पोटॅशियम मोजता.

साध्या बल्बमध्ये रक्त कमी पडलं, म्हणून जांभळ्यातलं ओतलं

अक्कलकोटच्या नमुन्यात नेमकं हेच घडलेलं असू शकतं. साध्या बल्बमध्ये तीन मिली रक्त हवं होतं, अडीचच भरलं, म्हणून जांभळ्यातलं अर्धा मिली त्यात ओतलं. अर्धा मिली म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण चारचं पोटॅशियम सहाच्या वर जायला तेवढं पुरतं. त्याच ईडीटीएने कॅल्शियम बांधलं, म्हणून ते पाचवर आलं. अल्कलाइन फॉस्फटेजला काम करायला झिंक आणि मॅग्नेशियम लागतं, तेही ईडीटीएने पळवलं, म्हणून ते १८. पोटॅशियम वर आणि कॅल्शियम व फॉस्फटेज खाली, ही त्रिकूट एकत्र दिसली की रिपोर्ट सोडूच नये. नमुना नव्याने मागवावा.

ओतलं नाही तरी हे होतं. सिरिंजने जांभळा बल्ब आधी भरला आणि त्याच सुईचं टोक आतल्या रक्ताला लागलं, तर पुढच्या बल्बमध्ये ईडीटीए जातं. म्हणून क्रम पाळा: आधी निळा, मग लाल किंवा पिवळा, मग हिरवा, मग जांभळा आणि शेवटी राखाडी. राखाडी बल्बमध्ये शुगर टिकवण्यासाठी फ्लोराइड असतं आणि अनेकदा त्यासोबत पोटॅशियम ऑक्झलेट. म्हणजे तोही पोटॅशियमचाच धोका.

रक्त गोठलं नाही तोच मशीनवर

साध्या बल्बला उभं ठेवून किमान अर्धा तास द्यायला हवा. हिपॅरिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्याहून जास्त. घाई केली तर वरच्या पाण्यात गोठणं चालूच राहतं आणि फायब्रिनचे धागे तयार होतात. बल्ब हळूच तिरका केला तर जेलीसारखी साय हलताना दिसते. असा धागा अॅनालायझरच्या नळीत अडकला, की नमुना कमी ओढला जातो आणि आकडे खोटे येतात.

गोठण्याची आणखी एक किंमत आहे. गोठताना प्लेटलेट फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर पडतं. म्हणून निरोगी माणसातही सिरममधलं पोटॅशियम प्लाझ्मापेक्षा थोडं, साधारण ०.१ ते ०.४ ने, जास्त असतं. एरवी याने काही बिघडत नाही. पण प्लेटलेट दहा-अकरा लाख असतील तर सिरममध्ये पोटॅशियम सहाच्या वर आणि शरीरात साडेचार, असं होऊ शकतं. अशा वेळी कॅल्शियम आणि फॉस्फटेज मात्र नॉर्मल असतात, म्हणून ईडीटीएचा संशय येत नाही. सीबीसीचा रिपोर्ट शेजारी ठेवून पाहा. प्लेटलेट जास्त असतील तर हिरव्या टोपणाच्या, लिथियम हिपॅरिनच्या बल्बमध्ये नव्याने रक्त घ्या आणि प्लाझ्मावर पोटॅशियम करा. एक अपवाद ध्यानात असू द्या. काही ल्युकेमियांत पांढऱ्या पेशी लाखांत आणि नाजूक असतात. हिपॅरिनच्या बल्बमध्ये त्याच फुटतात आणि प्लाझ्माच खोटं वाढलेलं दाखवतो.

रक्त काढतानाही एक सवय सोडा. “मावशी, मूठ उघडझाप करा,” असं सांगितलं की स्नायूंतून पोटॅशियम बाहेर येतं. “मूठ हलकी मिटून ठेवा,” एवढंच सांगा, आणि पट्टा मिनिटभरात सोडा.

अख्खं रक्त फ्रिजमध्ये, नाहीतर डिकीत

अक्कलकोट ते सोलापूर सुमारे चाळीस किलोमीटर. मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो आणि गाडीच्या डिकीत त्याहून जास्त. उकाड्यात पेशी साखर भराभर खातात. साध्या तापमानालाच तासाला पाच ते सात टक्के साखर कमी होते. तेवढा वेळ पोटॅशियमही पेशींत शिरून थोडं कमी दिसतं आणि साखर संपली की उलट बाहेर येऊ लागतं. यावर उपाय म्हणून पेशी न वेगळ्या करता बल्ब फ्रिजमध्ये ठेवला, तर चूक मोठी होते. थंडीत पेशींचा पोटॅशियम आत ओढणारा पंप मंदावतो आणि ते झिरपत राहतं. रक्त लालसर फुटलेलंही दिसत नाही, त्यामुळे शंकाच येत नाही.

योग्य रीत म्हणजे दोन तासांच्या आत तिथेच सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी वेगळं करणं, आणि मग ते थंड डब्यातून पाठवणं. पिवळ्या जेल बल्बमध्ये जेलची पट्टी मध्ये बसते, पण सोलापुरात पोहोचल्यावर तोच बल्ब पुन्हा फिरवू नका. पट्टीखालचं, पोटॅशियमने भरलेलं पाणी वर येतं.

पीटी-आयएनआरला सिरम चालतच नाही

ही तपासणी गोठायला किती वेळ लागतो हेच मोजते, आणि सिरम तर आधीच गोठून गेलेलं असतं. इथे निळ्या टोपणाचा सायट्रेट बल्बच हवा. त्यात ०.३ मिली सायट्रेट आणि २.७ मिली रक्त, म्हणजे एकास नऊ. रक्त दोनच मिली भरलं तर सायट्रेट जास्त होतं, तपासणीत घातलेलं कॅल्शियमही तेच गिळतं आणि आयएनआर उगाच वाढलेला दिसतो. तो पाहून रक्त पातळ करणारी गोळी कमी केली, तर खऱ्या अर्थाने गुठळीचा धोका वाढतो. म्हणून रेघेपर्यंत न भरलेला निळा बल्ब लॅबने परत पाठवावा आणि कलेक्शन करणाऱ्याने दुसरा भरून द्यावा.