फुल अँड फायनल तपासताना या चुका टाळा

राजीनाम्यानंतर हाती येणाऱ्या फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या, तक्त्यात बहुतेक जण सर्वांत खालचा आकडा आधी पाहतात, तो मनातल्या अंदाजाच्या जवळपास असला की सही करतात आणि दोन महिन्यांनी तोच कागद घेऊन माझ्याकडे येतात. पगार विभागात काम करताना हे इतक्या वेळा पाहिले आहे की आता कोणी तक्ता पुढे केला, तर मी रक्कम न पाहता आधी तारीख पाहतो. क्लिअरन्स फॉर्म, राजीनामा स्वीकारल्याचे पत्र आणि रिलिव्हिंग लेटर शेजारी ठेवून चारही कागदांवर कामाचा शेवटचा दिवस एकच आहे का, हे मी लाल पेन्सिलीने खूण करून ताडतो. तारीख चुकली की तिच्याबरोबर पुढचे सगळे आकडे चुकत जातात.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचे प्रकरण असेच होते. तो 3 जून 2015 रोजी रुजू झाला, 14 नोव्हेंबर 2022 रोजी त्याने राजीनामा दिला आणि साठ दिवसांची नोटीस पूर्ण करून 12 जानेवारी 2023 रोजी तो कार्यमुक्त झाला. तक्ता करणाऱ्याने मात्र सेवासमाप्तीच्या रकान्यात राजीनाम्याचीच तारीख भरली होती. त्या तारखेपर्यंत सेवा सात वर्षे पाच महिने भरते, म्हणून ग्रॅच्युइटी सात वर्षांची धरली गेली. प्रत्यक्षात सेवा सात वर्षे सात महिन्यांहून अधिक होती, आणि शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांहून अधिक दिवस भरले असतील तर ते पूर्ण वर्ष धरावे लागते. त्याचे बेसिक 31,200 रुपये होते आणि महागाई भत्ता वेगळा नव्हता. 26 ने भागून 15 ने गुणले की एका वर्षाचे 18,000 रुपये होतात. म्हणजे 1,26,000 ऐवजी 1,44,000 रुपये यायला हवे होते.

त्याच तारखेने शिल्लक रजेच्या पैशांचाही हिशेब बिघडवला होता. तक्त्यात राजीनाम्याच्या दिवशीची 18 दिवसांची शिल्लक तशीच उतरवलेली होती. नोव्हेंबर आणि डिसेंबरअखेर प्रत्येकी दीड दिवस रजा जमा झाली होती आणि नोटीसच्या काळात त्याने दोन दिवस मंजूर रजा घेतली होती, म्हणून खरी शिल्लक 19 दिवस होती. शिवाय कंपनीच्या रजा नियमांत एका दिवसाचा दर बेसिकला 26 ने भागून काढायचा असे लिहिले असताना, तक्त्यात 30 ने भागले होते. 18,720 रुपयांच्या जागी 22,800 रुपये व्हायला हवे होते. सगळ्या कंपन्या 26 नेच भागतात असे मात्र समजू नका. आपल्या नियमावलीत काय लिहिले आहे ते उघडून वाचा.

खरी चीड मला वसुलीच्या रकान्याची आली. रजेचे तेच दोन दिवस नोटीसमधील तूट म्हणून दाखवून, एकूण पगार 62,400 ला 30 ने भागून 4,160 रुपये कापले होते. द्यायची वेळ आली की बेसिक आणि घ्यायची वेळ आली की एकूण पगार, असे दोन दर एकाच तक्त्यात दिसले की तेथे थांबावे. सुदैवाने रजा मंजूर केल्याचा आणि शेवटचा दिवस 12 जानेवारीच राहील असे सांगणारा व्यवस्थापकाचा मेल त्याने जपून ठेवला होता. कार्यालयीन मेल शेवटच्या दिवशी बंद होतो, म्हणून अशा मंजुरीची छापील प्रत मी नेहमी आधीच काढून ठेवायला लावतो. तिन्ही चुका मिळून 26,240 रुपयांचा फरक निघाला आणि तो कागदांवरच सिद्ध झाला.

लॅपटॉप किंवा ओळखपत्राची वसुली दिसली, तर क्लिअरन्स फॉर्मवर संबंधित विभागाची तारखेसह सही आहे का ते पाहा. नुसत्या बरोबरच्या खुणेवर विसंबू नका. नोटीस पुरी केली नाही एवढ्या कारणावरून ग्रॅच्युइटी जप्त करता येत नाही. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून तीस दिवसांत मिळायला हवी, हेही ध्यानात असू द्या.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या आहेत. त्यानंतर नोकरी सोडणाऱ्यांनी वेतनाची नवी व्याख्या पाहावी: वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील, तर निम्म्यावरचा भाग वेतनात मिळवावा लागतो, त्यामुळे नुसत्या बेसिकवर काढलेली ग्रॅच्युइटी कमी भरू शकते.

हरकत तोंडी सांगू नका. तक्त्यातील आकडा, आपला आकडा आणि त्यामागचा कागद अशा तीन रकान्यांत ती लिहून मेलवर पाठवा, आणि सुधारित तक्ता येईपर्यंत ‘काहीही येणे बाकी नाही’ या ओळीखाली सही करू नका. पैशांची निकड असल्यामुळे सही करावीच लागली, तर तिच्या वर ‘हिशेबाबाबतची हरकत कायम ठेवून रक्कम स्वीकारली’ असे आपल्या हाताने लिहा आणि त्या पानाचा फोटो तेथेच काढून घ्या.