निवृत्तीनंतर एम.ए.ला अर्ज करताना उद्देशपत्र कसे लिहावे

पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या अर्जासोबत काही ठिकाणी एक उद्देशपत्र मागतात. त्यालाच स्टेटमेंट ऑफ पर्पज म्हणतात. निवृत्त अर्जदारांची गाडी इथेच अडते. एक तर पत्राचा बायोडेटा होतो, नाहीतर वयाची सफाई देण्यातच पान संपते. निवड समितीला या दोन्हींत रस नसतो. तिला मुख्यतः दोन गोष्टी कळायला हव्या असतात: तुम्हाला नेमके काय शोधायचे आहे, आणि वर्गात बसून ते शिकायची तुमची तयारी आहे का.

एक उदाहरण धरून पुढे जाऊ. समजा, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्याला इतिहासात एम.ए. करायचे आहे. त्यांचा पहिला मसुदा असा:

«मी निवृत्त झालो असलो तरी माझा उत्साह तरुणांना लाजवेल असा आहे. इतिहासाची आवड मला लहानपणापासूनच होती, परंतु संसाराच्या जबाबदाऱ्यांमुळे ती बाजूला राहिली. 31 वर्षांच्या सेवेत मी अनेक महत्त्वाच्या योजना यशस्वीपणे राबवल्या. या अनुभवाचा लाभ विभागाला निश्चितच होईल.»

यात खोटे काही नाही, पण हाती लागण्यासारखेही काही नाही. कोणी न विचारलेल्या आक्षेपाला पहिले वाक्य उत्तर देते, आणि वाचणाऱ्याच्या मनात नसलेली शंका तिथेच उभी राहते. शेवटचे वाक्य त्याहून महागात पडते. निवृत्त अर्जदाराबद्दल प्राध्यापकांना खरी काळजी वयाची नसते. हा माणूस शिकायला येतोय की शिकवायला, ही असते. चर्चासत्रात प्रत्येक मुद्द्यावर ‘आमच्या खात्यात असं व्हायचं’ म्हणणारा विद्यार्थी त्यांनी एकदा तरी पाहिलेला असतो.

आधी प्रश्न शोधा

म्हणून लिहायला बसण्यापूर्वी एक काम करा. नोकरीत तुमच्यासमोर वारंवार आलेला, पण तुमच्या पदावर बसून ज्याचे उत्तर मिळणे शक्य नव्हते असा प्रश्न आठवा. आवड सांगून पटत नाही, प्रश्न पटतो. आणि तो नोकरीतून आलेला असला, की ‘आत्ताच का?’ याचे उत्तर वेगळे द्यावे लागत नाही.

आपल्या अभियंत्याचा सुधारलेला परिच्छेद असा होऊ शकतो:

«शहराच्या जुन्या भागात पाण्याचा दाब नेहमी कमी असे. त्याचे तांत्रिक कारण मला ठाऊक होते: टाकी दूर आणि वाहिनीचा व्यास अपुरा. पण टाकी तिथे बांधायचे कोणी आणि कशाच्या आधारे ठरवले, हे खात्याच्या नकाशांत नव्हते. निवृत्तीनंतर मी नगरपालिकेच्या सभांची जुनी इतिवृत्ते वाचायला घेतली. जागा उंचीवरून ठरली असणार, असे मी धरून चाललो होतो. इतिवृत्तांत उंचीचा उल्लेख एकदाच येतो. बाकी सगळा वाद जमीन कोणाची यावर आहे. शहरातल्या सोयी कोणापर्यंत आधी पोहोचल्या आणि का, हे मला इतिहासाच्या पद्धतीने अभ्यासायचे आहे.»

यातली सगळ्यात मोलाची जागा ‘धरून चाललो होतो’ ही आहे. ज्या विषयात आयुष्य गेले, त्याच विषयात कागद पाहून या माणसाने मत बदलले. ‘मी नवीन गोष्टी शिकायला सदैव तयार असतो’ असे दहादा लिहूनही एवढा विश्वास बसत नाही. तुमच्या पत्रात अशी एक तरी जागा हवीच. सापडत नसेल, तर वाचन अजून पुरेसे झालेले नाही. अर्जाची मुदत पुढच्या फेरीची धरा आणि आधी वाचा.

अनुभवाला एक परिच्छेद पुरे. पदोन्नत्या, गौरवपत्रे, हाताखालच्या माणसांची संख्या, हे सगळे बायोडेटात जाऊ द्या. प्रश्नाशी ज्याचा थेट संबंध आहे तेवढेच पत्रात ठेवा. जुने नकाशे वाचता येणे किंवा हस्तलिखित नोंदवह्यांची सवय असणे हे अभियंत्याच्या बाबतीत खरोखर कामाचे आहे.

तयारी अलीकडची दाखवा

पदवी कित्येक वर्षांपूर्वीची असते, त्यामुळे तिच्यावरून आजची तयारी कळत नाही. शक्य असल्यास अर्जाच्या सहा-आठ महिने आधी त्या विषयातला एखादा छोटा अभ्यासक्रम करा, मात्र निबंध लिहून तो तपासून मिळणारा. नुसती व्याख्याने ऐकून मिळालेल्या प्रमाणपत्राचा इथे फारसा उपयोग नाही. पत्रात त्या निबंधाबद्दल दोन-तीन वाक्ये लिहा: विषय काय होता, तपासणाऱ्याने काय चूक दाखवली, दुसऱ्या खर्ड्यात तुम्ही काय बदलले. अभियंता लिहू शकतो, «माझा पहिला निबंध अहवालासारखा झाला होता: आधी निष्कर्ष, मग तक्ते. दुसऱ्या खर्ड्यात मी दोन इतिवृत्तांमधली विसंगती मध्यभागी ठेवून युक्तिवाद मांडला आणि प्रत्येक विधानाला संदर्भ दिला.» शैक्षणिक लेखन म्हणजे काय हे या माणसाला कळले आहे, हे वाचणाऱ्याला लगेच दिसते.

शिफारसपत्राचेही तसेच. जुने वरिष्ठ तुमच्या सचोटीबद्दल लिहितील, पण निबंधाबद्दल काय लिहिणार? विभागाने दोन शिफारसपत्रे मागितली असतील, तर निदान एक तरी अलीकडे तुमचे लेखन तपासलेल्या शिक्षकाचे मिळवा. गुणपत्रिका सापडत नसेल, तर प्रमाणित प्रत आधीच मागवून ठेवा. जुनी कागदपत्रे निघायला वेळ लागतो.

पदवीचे गुण कमी असतील, तर त्यावर एकच वाक्य लिहा आणि त्याच वाक्यातून वाचणाऱ्याला अलीकडच्या कामाकडे न्या. «पदवीच्या शेवटच्या वर्षातले माझे गुण साधारण आहेत, माझ्या सध्याच्या लेखनाचा अंदाज सोबतच्या निबंधावरून येईल.» कारणे देऊ नका. कारण खरे असले तरी सबबीसारखेच वाचले जाते.

प्रकृती, घरची परिस्थिती, फी कशी भरणार, हे अर्जात विचारले नसेल तर लिहू नका. पदवीनंतर काय करणार, हे मात्र लिहा. नोकरी हे उत्तर नसले तरी चालते. «प्रबंधासाठी जमवलेल्या इतिवृत्तांची विषयवार सूची करून ती अभ्यासकांना खुली करायची आहे» हे ‘ज्ञानाची भूक भागवायची आहे’पेक्षा कितीतरी बरे. शिवाय याच विभागात का, हे त्या विभागातल्या एखाद्या प्राध्यापकाच्या कामाशी जोडून सांगा. त्यासाठी त्यांचा एखादा लेख खरोखर वाचलेला असावा लागतो.

मसुदा तपासताना

पेन्सिल घेऊन ‘असलो तरी’, ‘असूनही’, ‘अजूनही’, ‘या वयात’, ‘केवळ’ या शब्दांखाली रेघ मारा. बचावाचा सूर बहुधा यांच्याच आसपास असतो. ते वाक्य सरळ विधान करून पाहा. करता आले नाही तर काढून टाका. निवृत्तीचा उल्लेख एकदा, वर्षासकट, माहिती म्हणून येऊ द्या. दुसरी रेघ कार्यालयीन मराठीखाली मारा. ‘उपरोक्त बाबीस अनुसरून’, ‘असे निदर्शनास येते’ अशी वाक्ये हाताला इतकी सवयीची झालेली असतात, की लिहिणाऱ्याला दिसतच नाहीत. मग पत्र कोणी माणसाने नव्हे, खात्याने लिहिल्यासारखे वाटते.

शब्दमर्यादा विभागाने दिलेलीच पाळा. मग मसुदा घराबाहेरच्या, तुमच्या खात्याशी संबंध नसलेल्या कोणाला वाचायला द्या आणि कागद परत घेऊन विचारा, ‘मला काय शोधायचंय?’ उत्तरात ‘तुम्ही पाणीपुरवठ्यात मोठ्या हुद्द्यावर होतात’ असे आले, तर पहिला परिच्छेद पुन्हा लिहायला घ्या. टाकीच्या जागेची गोष्ट आली, तर अर्ज पाठवा.