मोठा पाइप, थांबलेली वाळू : स्लरीच्या वेगाविषयी नवख्या अभियंत्यांसाठी

कोकणातील सिलिका वाळू धुण्याच्या एका कारखान्यात मी नवीन रुजू झालो, तेव्हा धुतलेली वाळू पाण्याबरोबर ४०० मीटर दूरच्या साठवण जागेपर्यंत नेणारी १५० मिलिमीटर व्यासाची वाहिनी बदलायला आली होती. ताशी १६० घनमीटर प्रवाहाला त्या वाहिनीत घर्षणापोटी सुमारे १५ मीटर दाब खर्ची पडत असे. तोच प्रवाह २०० मिलिमीटरच्या पाइपमधून नेला तर हा खर्च ४ मीटरच्या आत येईल, असे मी साध्या पाण्याचे गणित मांडून दाखवले आणि विजेची बचत पाहून ते मान्यही झाले. वेग १.४ मीटर प्रति सेकंद येत होता. सांडपाण्याच्या गटारांसाठी ०.६ ते ०.८ मीटरचा स्वस्वच्छता वेग मी शिकलो होतो, आणि त्याच्या जवळजवळ दुप्पट वेग हाताशी असल्याने मी निर्धास्त होतो.

चूक तिथेच होती. गटारातील विरळ, हलका मळ वाहता ठेवणे आणि आकारमानाने दहा टक्के असलेली जड वाळू पाण्यात तरंगती ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाळूसारख्या खाली बसणाऱ्या स्लरीसाठी किमान वेगाचा पहिला अंदाज ड्युरँड यांच्या सूत्रावरून घेतात:

```
V = F × √(2 × g × D × (S − 1))
```

यात D हा पाइपचा आतील व्यास, S ही घन पदार्थाची सापेक्ष घनता आणि F हा कणाचा आकार व स्लरीची दाटी यांवरून ठरणारा गुणांक होय. आमच्या वाळूसाठी S २.६५ आणि F ढोबळमानाने १ धरला, तर १५० मिलिमीटरच्या पाइपला २.२ मीटर प्रति सेकंद वेग लागतो, आणि जुन्या वाहिनीत तो २.५ होता. २०० मिलिमीटरला मात्र सुमारे २.५५ मीटर वेग लागतो, म्हणजे व्यास वाढवल्यावर प्रत्यक्ष वेग घटतोच, शिवाय लागणारा वेगही वाढतो. हा दुहेरी फटका माझ्या ध्यानात आला नव्हता.

तरीही नवी वाहिनी लगेच तुंबली नाही, आणि यामुळेच चूक लपून राहिली. वाळू तळाशी बसू लागली की पाण्याला मोकळी जागा कमी उरते, त्या अरुंद जागेत वेग वाढतो, आणि एका ठरावीक जाडीपुढे थर वाढत नाही. आमच्या पाइपचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग असा भरला असावा, आणि उरलेल्या भागातून काम चालू होते. सूचना मात्र मिळत होती: पंपाच्या बाहेरच्या गेजवरील दाब हळूहळू चढत होता आणि मोटरचे अँपियर उतरत होते. दाब वाढून प्रवाह घटला की सेंट्रिफ्यूगल पंप असेच वागतो. शोषण बाजू तुंबली असती, तर दाब व अँपियर दोन्ही पडले असते. मी केवळ अँपियर पाहून बचत झाल्याचे समाधान मानले.

पावसाळ्यात एका रात्री वीज गेली. तरंगणारी सारी वाळू आधीच्या थरावर बसली, चढाच्या भागातली खाली घसरून पायथ्याच्या बेंडमध्ये गोळा झाली, आणि वीज आल्यावर पंप सुरू केला तरी पाणी हलेना. आमचे वयस्कर फोरमन हातोडीने पाइप ठोकत चालत गेले. रिकाम्या ठिकाणी खणखणीत आणि भरलेल्या ठिकाणी बद्द आवाज येतो. "साहेब, हा पाइप मोठा नाही झाला, कोठार झालंय," एवढेच ते म्हणाले. फ्लँज सोडून, तुकडा तुकडा धुऊन वाहिनी मोकळी करण्यात तीन दिवस गेले.

त्यानंतर आम्ही १५० मिलिमीटरवर परतलो. वेग गरजेपेक्षा दहा-पंधरा टक्के वर ठेवला, त्याहून फार चढवला नाही, कारण वाळूमुळे होणारी झीज वेगाच्या साधारण तिसऱ्या घाताने वाढते आणि अशा वाहिनीत तळाची बाजू आधी पातळ होते. उत्पादन कमी करायचे असेल, तेव्हा पंपाचा वेग उतरवत नाही, तर प्रवाह तोच ठेवून वाळू कमी सोडतो. इम्पेलर झिजला तरी प्रवाह नकळत घटतो, म्हणून दर पाळीत दाब, अँपियर व प्रवाह हे तिन्ही आकडे एकाच ओळीत लिहितात.

बंद करण्यापूर्वी आधी वाळू थांबवून नुसते पाणी सोडतो. ४०० मीटरच्या १५० मिलिमीटर वाहिनीत सुमारे ७ घनमीटर मावते आणि ते बदलायला पावणेतीन मिनिटे पुरतात, तरी आम्ही पाच मिनिटे देतो. वीज अचानक गेल्यावर हे पंपाने शक्य नसते, म्हणून चढाच्या पायथ्याशी एक ड्रेन व्हॉल्व्ह बसवला असून, तो लगेच उघडण्यासाठी कोण धावेल हे प्रत्येक पाळीत ठरलेले असते.