ओळख करून देणाऱ्या सरांना आभाराचं पत्र लिहिताय? या चुका टाळा

भोसरीत गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये मी सात वर्षं क्वालिटीत होतो. तिथून वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत आलो, तो एका सरांनी शब्द टाकल्यामुळे. ते पूर्वी आमच्याकडे ऑडिटला यायचे, आता निवृत्त आहेत. त्यांनी तिथल्या क्वालिटी हेडना तीन ओळींचा मेल केला आणि मला सीसीमध्ये ठेवलं. त्यातलं एक वाक्य असं होतं: "मुलगा वाहन उद्योगातला आहे, पण त्याने केलेलं एफएमईए एकदा बघा." एफएमईए म्हणजे कुठे काय बिघडू शकतं आणि त्याचा परिणाम काय होईल, याचा आधीच केलेला अभ्यास. त्याआधी त्याच कंपनीच्या पोर्टलवर मी दोनदा अर्ज केला होता. दोन्ही वेळा उत्तर आलं नव्हतं.

माझी पहिली चूक वेळेची. ऑफर लेटर हातात आलं, पण नोटीस पिरियड 60 दिवसांचा होता. रुजू झाल्यावरच सांगू, मध्येच काही फिसकटलं तर काय, असं मनात होतं. तेवढ्यात क्वालिटी हेडनीच सरांना फोनवर सांगून टाकलं. मी फोन केला तेव्हा सर एवढंच म्हणाले, "हो, कळलं मला." ते आजही मनाला लागतं. ज्याने आपल्यासाठी शब्द टाकला, त्याला बातमी दुसऱ्याकडून कळू नये. ऑफर स्वीकारली त्याच दिवशी दोन ओळी पाठवा: "सर, ऑफर मिळाली, स्वीकारली. अजून इथे राजीनामा दिलेला नाही, त्यामुळे कृपया सध्या आपल्यातच ठेवा." सविस्तर पत्र रुजू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी लिहा, कारण तेव्हा सांगण्यासारखं काही तरी असतं. लिंक्डइनवरची पोस्ट त्यानंतर. तिथे सरांचं नाव घालायचं असेल, तर आधी त्यांना विचारा. नाहीतर दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडे अनोळखी लोकांचे बायोडेटा येऊ लागतात.

दुसरी चूक शब्दांची. पत्राच्या पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, "आपल्यामुळेच मला ही नोकरी लागली. आपले उपकार जन्मभर विसरणार नाही." भावना खरी होती, पण आपल्याकडे हे वाक्य वशिल्यासारखं वाचलं जातं. सरांनी नोकरी लावली नव्हती. माझं काम बघायला एका माणसाला तयार केलं होतं. मुलाखतीच्या तीन फेऱ्या मलाच द्याव्या लागल्या. सगळं श्रेय सरांवर टाकलं, तर लायकी नसलेल्या माणसाला पुढे केलं असा अर्थ निघतो, आणि तो त्यांच्याच शब्दाला कमीपणा आणतो.

त्या मसुद्यात आणखी एक उणीव होती. वरचं नाव बदलून तो माझ्या शाळेतल्या बाईंनाही पाठवता आला असता. मेल पाठवल्यानंतर काय घडलं, हे सरांना माहीत नव्हतं आणि मीही ते लिहिलं नव्हतं. मग असं लिहिलं. त्यातली 'बर' म्हणजे पत्रा कापल्यावर कडेला उरणारी धारदार किनार, आणि आयएसओ 13485 म्हणजे वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्ता व्यवस्थेचं मानक:

"आदरणीय सर, सप्रेम नमस्कार. तुमच्या मेलमधल्या एफएमईएच्या वाक्यावरूनच मुलाखत सुरू झाली. त्यांनी ब्रॅकेटला येणाऱ्या बरबद्दल विचारलं. पंचची धार गेल्यावर बर वाढते, आणि आम्ही ती तपासणीत पकडण्याऐवजी किती स्ट्रोकनंतर पंचला धार लावायची हे ठरवलं, असं मी सांगितलं. 'दोष पकडू नकोस, येऊ देऊ नकोस' हे तुम्ही मला ऑडिटमध्ये शिकवलं होतंत. आता इथे आयएसओ 13485 शिकतोय. नोंदी ठेवण्याची शिस्त फार कडक आहे, तिथे अजून अडखळतो. तुम्ही ओळख करून दिलीत म्हणून ते माझ्याशी बोलले. मनापासून आभार."

पगाराचा आकडा यात नाही, आणि तो नसावाच. कुठे अडखळतोय ते मात्र मुद्दाम लिहिलं, कारण ज्यांनी शिकवलं त्यांना तेही कळायला हवं. क्वालिटी हेडना मी वेगळा, छोटा मेल केला. एकाच मेलमध्ये दोघांना गुंफलं, तर सरांशी मोकळेपणाने लिहिता येत नाही.

आभाराच्या पत्राला नवं काम जोडू नका. माझ्या मित्राने आपल्या मार्गदर्शकांना लिहिलेल्या पत्राच्या शेवटी "सोबत भावाचा बायोडेटा जोडला आहे" असं टाकलं होतं. वाचणाऱ्याच्या लक्षात तेवढंच राहतं. गरज खरी असली तरी ती काही महिन्यांनी, स्वतंत्र पत्रात मांडा.

आणि लिहायचं राहूनच गेलं असेल, सहा महिने उलटले असतील, तर? तरीही लिहा. उशिराबद्दल एकच ओळ पुरे: "हे पत्र तेव्हाच लिहायला हवं होतं, माफ करा." त्यापुढे कामाच्या व्यापाची कहाणी नको, सरळ घडलेलं सांगा. उशिराच्या पत्रात एक जमेची बाजूही असते: प्रोबेशन संपलेला असतो, काम कायम झालेलं असतं, आणि सरांनी टाकलेला शब्द खरा ठरला हे तुम्ही तारखेसह कळवू शकता.